अनुजा आणि निखिल : लग्नाचं आमंत्रण, व्हिडिओची संहिता

(सुरुवातीला नुसता पाण्याचा आवाज. वाईचा गणपती घाट, सकाळची कोवळी उन्हं. कॅमेरा हळूहळू ढोल्या गणपतीच्या देवळाकडे वळतो. गाभाऱ्यात लग्नपत्रिका, तिच्यावर सुपारी आणि दोन जास्वंदी.)

पडद्यावर : ॥ श्री गणेशाय नमः ॥

आजी (आवाज) : पहिली पत्रिका ह्याला. 1762 सालापासून नदीकाठी बसलाय आमचा हा गणपती. किती पूर आले, किती गेले. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पाणी दोन्ही अंगांनी निघून जातं. वाईतल्या लग्नाची पत्रिका आधी ह्याच्यापुढं जाते. दुसरी जेजुरीला पोचली. आणि तिसरी तुम्हाला.

(शिंद्यांच्या घराची ओसरी. आजी पाटावर बसलेली, पुढं ताटात तांदूळ. ती त्यांत कुंकू चोळते आहे. बोटं लाल.)

आजी (कॅमेऱ्याकडे बघत) : नमस्कार. मी अनुजाची आजी. संजयच्या लग्नाला, म्हणजे हिच्या बापाच्या, हिच्या आजोबांनी सायकलवरून पत्रिका वाटल्या. पिशवीत अक्षता असायच्या. प्रत्येकाच्या उंबऱ्याशी उतरायचं, घोटभर पाणी प्यायचं, "पोराचं लग्न काढलंय, यायला लागतंय" असं सांगायचं आणि मगच पुढं. चौदा गावं केली त्यांनी. आज ते असते तर तुमच्याही दारात आले असते. माझ्या गुडघ्यांनी आता जिना उतरवत नाही, आणि तुम्ही कुणी पुण्यात, कुणी मुंबईला, कुणी पार परदेशात. म्हणून मी इथूनच बोलते. पण हे फोनवर आलंय म्हणून हलकं समजू नका. मी तुमच्या घरी येऊन अक्षत दिली, असंच धरा.

(पत्रिका उघडते. संजय आणि सुनंदा शेजारी-शेजारी उभे.)

संजय : सप्रेम नमस्कार. आमचे येथे श्रीकृपेकरून आमची कन्या चि. सौ. कां. अनुजा हिचा शुभविवाह, कराडचे श्री. विलास आणि सौ. मंगल जाधव यांचे चिरंजीव चि. निखिल यांच्याशी ठरला आहे.

पडद्यावर :
चि. सौ. कां. अनुजा
(श्री. संजय व सौ. सुनंदा शिंदे, वाई, यांची कन्या)
आणि
चि. निखिल
(श्री. विलास व सौ. मंगल जाधव, कराड, यांचे चिरंजीव)

सुनंदा : त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं होतील, आणि त्याच आठवड्यात रविवारी आमच्या तुळशीचं. (थांबते, हसते.) एवढीशी होती तेव्हा वृंदावनापुढं बाहुल्यांची लग्नं लावायची. मंगलाष्टकं आम्हाला म्हणायला लावायची.

पडद्यावर :
शुभविवाह
रविवार, 29 नोव्हेंबर 2026
मुहूर्त : दुपारी 12 वाजून 27 मिनिटांनी
विवाहस्थळ : शिंदे मळा, वाई–मेणवली रस्ता, वाई, जि. सातारा
भोजन : मुहूर्तानंतर लगेच

संजय : हॉल बघितले होते. पण हिच्या आजोबांनी लावलेल्या आंब्यांच्या सावलीत मांडव घालायचा, हे घरात सगळ्यांच्याच मनात होतं. सोयाबीन निघाल्यावर रान मोकळंच असतं, तिथं गाड्या लावायची सोय केली आहे.

(फुटेज : जात्यावर हात फिरतोय. पिवळीधमक हळद परातीत पडते. अनुजाच्या गालाला सुनंदाचं बोट लागतं.)

सुनंदा : हळद आदल्या दिवशी, शनिवारी. आणि ती घरच्याच रानातली. वाईकरांना हळदीचं सांगायला नको. गेल्या हंगामात काढली, शिजवली, पंधरा-वीस दिवस उन्हात वाळवली. त्यातली गाठी बघून चांगली हळकुंडं हिच्यासाठी बाजूला ठेवली होती, तेव्हा लग्न ठरलंही नव्हतं. जात्यावर दळताना सगळं घर त्या वासानं भरून गेलं. बायकांनो, तुम्ही शनिवारीच या. साडीला हळद लागणार आहे, हे धरूनच नेसा. ओव्या येत असतील त्यांनी म्हणायच्या, येत नसतील त्यांनी आत्याबाईंच्या मागं म्हणायच्या.

पडद्यावर :
शनिवार, 28 नोव्हेंबर 2026
हळद : दुपारी 4 वाजता
सीमांतपूजन : संध्याकाळी 7 वाजता
रात्री पिठलं-भाकरीचं जेवण
स्थळ : शिंदे मळा

(कराडचा प्रीतिसंगम. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. काठावर निखिल आणि अनुजा.)

निखिल : मी निखिल. आमचं घर इथून चालत पाच मिनिटांवर. लहानपणापासून ह्या घाटावर बसतो, पण हे पाणी वाईहून येतं हे कधी मनात आलं नव्हतं. अनुजा पहिल्यांदा इथं आली, तेव्हा पायऱ्या उतरून तिनं पाण्यात हात घातला आणि म्हणाली, "हे आमच्या दारावरून आलंय."

अनुजा : खरंच आलंय ना. महाबळेश्वरहून निघते, आमच्या घाटावरून जाते, माहुलीला वेण्णेला घेते आणि इथं कोयनेला भेटते. आजीला सासर कराडचं म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, नदी तीच का? हो म्हटल्यावर तिचा जीव खाली बसला. (निखिलकडे बघते.) तुम्ही सगळे या. ज्यांनी मला कडेवर घेतलंय, ज्यांनी गणित शिकवलंय, ज्यांच्या परसात आम्ही चिंचा पाडल्यात, ते सगळे मला त्या दिवशी समोर दिसायला हवेत.

निखिल : आई-बाबांचा निरोप आहे : मंगळवारी सत्यनारायणाची पूजा आणि संध्याकाळी स्वागत समारंभ आमच्या घरी. तिकडंही नक्की या.

पडद्यावर :
मंगळवार, 1 डिसेंबर 2026
सत्यनारायण पूजा : सकाळी 10 वाजता
स्वागत समारंभ : संध्याकाळी 7 पासून
स्थळ : जाधव यांचे राहते घर, सोमवार पेठ, कराड

(मेणवली रस्ता, दुतर्फा ऊस. गाडीतून दिसतो तसा.)

मामा (आवाज) : येण्याचं मी सांगतो, मी अनुजाचा मामा. पुण्याकडून येणाऱ्यांनी खंबाटकी ओलांडली की सुरूर फाट्याला उजवीकडं वळायचं. सातारा, कराडकडून येणाऱ्यांनी पाचवड फाट्याला डावीकडं. एसटीनं येणार असाल तर स्वारगेटहून वाईची गाडी मिळते. वाई स्थानकावर आपली माणसं रविवारी सकाळी 8 पासून गाडी घेऊन उभी असतील, शनिवारी दुपारी 2 पासून. मुक्कामाला येणाऱ्यांनी 15 नोव्हेंबरपर्यंत कळवा, किती माणसं ते सांगा, अंथरुणं त्या हिशेबानं घालतो. माझा नंबर आणि मळ्याचा नकाशा ह्या व्हिडिओसोबतच पाठवलाय. आणि रात्री नदीकाठची थंडी असते, लेकरांना स्वेटर आणा.

संजय : आहेर, भेटवस्तू कृपा करून आणू नका. तुम्ही आलात की आम्हाला सगळं पोचलं.

(पुन्हा ओसरी. ताटातल्या अक्षता तयार. मंगलाष्टकांची सनई लांबून ऐकू येते. आजी मूठभर अक्षता उचलते, ओंजळ कॅमेऱ्यापुढं धरते.)

आजी : ह्या तुमच्या. मोजून सगळ्यांच्या वाटच्या केल्यात. 12 वाजून 27 मिनिटांनी अंतरपाट खाली जाईल, तेव्हा तुम्ही मांडवात हवे. जेवायला आलो म्हणून सांगू नका, माझ्या पोरीच्या डोक्यावर तुमच्या हातानं पडू द्या. सकाळी लवकर निघा. आणि घाटात गाडी हळू चालवा हं.

पडद्यावर :
आपले नम्र,
समस्त शिंदे परिवार, वाई
समस्त जाधव परिवार, कराड