पांगुळगाड्यापासून डबल डेकरपर्यंत

सोमवार
सप्टेंबर 2023 मध्ये बेस्टची जुनी, बिनएसीची डबल डेकर रस्त्यावरून कायमची गेली. आमच्या लालबागच्या खोलीत मात्र ती अजून बनतेय! आंब्याच्या लाकडाची, वीतभर लांब, चाकं खरोखर फिरणारी. वरच्या मजल्यावर पुढची सीट कुणाची, यावरून भांडण झालं तर आम्ही जबाबदार नाही. 640 रुपये. लिंक बायोमध्ये.

बुधवार
“एवढासा भोवरा 180 रुपयांना?” असं काल एका काकांनी विचारलं. रास्त प्रश्न. लेथवर कातायला दहा मिनिटं लागतात, पण आरी मधोमध बसली नाही तर भोवरा डुगडुगतो. म्हणून प्रत्येक भोवरा बाबा स्वतः फिरवून बघतात. (खेळतात, असं आई म्हणते.) फिरतानाचा व्हिडिओ प्रॉडक्ट पेजवर आहे. जाळी सोबत मिळते.

शनिवार
बारशाला पुन्हा झबलंच नेताय? पांगुळगाडा बघा. कडा घासून गोल केलेल्या, लाखेचा रंग. बाळ चालायला लागेपर्यंत वाट बघावी लागेल, तोवर आजी टेडी ठेवून ढकलतील. या आठवड्यात सहाच तयार आहेत. लिंकवर टॅप करा, मापं तिथे दिली आहेत.