हळद-पॉलिश प्रकल्पाच्या उत्तरपत्रिकेबाबत

सांगली, 14 ऑक्टोबर

प्रिय मृण्मयी,

तुझी उत्तरपत्रिका मी दोनदा वाचली. मांडणी स्वच्छ आहे, वर्तमान मूल्याचे गुणक अचूक आहेत, आणि कर्जावरील व्याज तू वजा केले नाहीस, हेही योग्यच. भांडवलाचा तो खर्च वर्तमान मूल्य काढण्याच्या 12 टक्क्यांच्या दरात आधीच धरलेला आहे. तरीही प्रकल्प नाकारावा हा तुझा निष्कर्ष चुकला, कारण तू रोख प्रवाहांऐवजी हिशेबी नफ्याचे वर्तमान मूल्य काढलेस.

प्रश्नातील यंत्र 40 लाखांचे, आयुष्य 4 वर्षे, अखेरीस मूल्य शून्य. घसारा व कर यांपूर्वीची वार्षिक रोख मिळकत 18 लाख. त्यातून 10 लाख घसारा आणि 25 टक्क्यांनी 2 लाख कर वजा करून तू 6 लाख करोत्तर नफा काढलास, त्याला चार वर्षांच्या 3.0373 या गुणकाने गुणलेस आणि आलेल्या 18.22 लाखांतून पुन्हा पूर्ण 40 लाख वजा केलेस. यंत्राची किंमत इथे दोनदा वजा झाली आहे: एकदा सुरुवातीला रोखीने, आणि दुसऱ्यांदा दरवर्षी घसाऱ्याच्या रूपाने. घसाऱ्यापोटी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. आधीच दिलेली किंमत वर्षांवर वाटून दाखवण्याची ती हिशेबातली नोंद आहे. म्हणून ते 10 लाख नफ्यात परत मिळव, म्हणजे वार्षिक रोख प्रवाह 16 लाख येतो.

यावर तू विचारशील, मग घसारा मुळात वजाच कशाला करायचा? करासाठी. घसारा नसता तर कर 4.5 लाख लागला असता, तो 2 लाखांवर आला. वाचलेले अडीच लाख मात्र खरोखर हातात राहतात. (प्रत्यक्षात आयकरासाठीचा घसारा घटत्या शिलकेवर मोजतात, त्यामुळे ही बचत दरवर्षी सारखी नसते, प्रश्नात सोयीसाठी सरळ रेषा पद्धत दिली आहे.)

खेळत्या भांडवलाचे 6 लाख तू सोडूनच दिलेस, आणि तेही नफ्याकडे पाहत राहिल्यामुळेच. व्यापाऱ्याला हळद उधारीवर दिली की विक्री त्याच दिवशी नफ्यात येते, पैसे मात्र वसुली झाल्यावर. ती उधारी आणि गोदामातला माल यांत अडकलेली रक्कम सुरुवातीला बाहेर जाते आणि चौथ्या वर्षाअखेर परत येते. नफा-तोटा पत्रकात तिचा मागमूसही नसतो.

आता हिशेब असा: 16 लाखांच्या प्रवाहांचे वर्तमान मूल्य 48.60 लाख, परत येणाऱ्या 6 लाखांचे 3.81 लाख, आणि सुरुवातीची गुंतवणूक 46 लाख. निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे 6.41 लाख, धन. तुझ्या उत्तरात ते उणे 21.78 लाख होते, म्हणजे घेण्याजोगा प्रकल्प तुझ्या अहवालामुळे हातचा गेला असता.

गुरुवारच्या तासापूर्वी हेच उदाहरण यंत्र अखेरीस 4 लाखांना विकले जाते असे धरून सोडवून आण. पुस्तकी मूल्य शून्य असल्याने विक्रीच्या पूर्ण रकमेवर त्याच 25 टक्के दराने कर लागेल असे धर, आणि प्रत्येक आकड्यासमोर पैसा कोणत्या वर्षी आला किंवा गेला, ते लिही.

तुझे,
वित्त व्यवस्थापनाचे सर