एकच अहवाल, दोन नावे

लघुप्रबंध सोमवारी विभागात जमा करायचा होता. गुरुवारी रात्री कल्याणी संदर्भसूचीतील स्वल्पविराम, प्रकाशनस्थळे आणि वर्षे शेवटची तपासत होती. विषय होता १८७५ सालचा दख्खनचा दंगा. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांकडून खतपत्रे व चोपड्या मागून घेतल्या आणि भर बाजारात जाळल्या. ते लोण पुढे नगर जिल्ह्यातही पसरले. श्रीगोंद्याच्या कल्याणीने हा विषय हट्टाने निवडला होता.

इंग्रजी साधनांच्या वर्णानुक्रमी यादीत 'रिपोर्ट ऑफ द' या शब्दांनी सुरू होणाऱ्या दोन नोंदी एकाखाली एक आल्या होत्या. पहिलीत 'कमिशन' होते आणि दुसरीत 'कमिटी'. पहिली लंडनची, १८७८ ची, आणि दुसरी मुंबईची, १८७६ ची. दोन्हींत पुणे व अहमदनगर हे जिल्हे होते आणि दोन्हींत १८७५ चे दंगे होते. महिनोन्महिने ही नावे तिने वेगवेगळ्या प्रकरणांच्या तळटीपांत सुटी सुटी पाहिली होती. शेजारी ठेवलेली ती आजच दिसत होती.

संदर्भ सांभाळणाऱ्या झोटेरोमध्ये तिने `Duplicate Items` उघडून पाहिले. तिथे या जोडीचा मागमूस नव्हता आणि त्यात नवल असे काहीच नव्हते. शीर्षक वेगळे, वर्ष वेगळे, प्रकाशनस्थळ वेगळे, मग यंत्राने त्यांना एक कशाच्या आधारे म्हणावे? तिने चौथे प्रकरण उघडले. लंडनच्या अहवालातून म्हणून दिलेले एक अवतरण तिथे होते. १८७६ च्या अहवालाची स्कॅन केलेली प्रत तिच्याकडे होती, पण छपाई फिकट असल्याने शब्द टाकून शोध लागत नव्हता. म्हणून शेतसाऱ्याच्या वाढीच्या चर्चेची पाने ती एकेक करून वाचत गेली. मध्यरात्र उलटल्यावर ते वाक्य सापडले. अर्धविरामासकट तेच वाक्य होते.

चौकशी एकच झाली होती. तिचा अहवाल मुंबईत छापला गेला आणि पुढे १८७८ मध्ये तोच ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला. कल्याणीने मात्र लिहिले होते, "मुंबईच्या समितीने काढलेला निष्कर्ष दोन वर्षांनी लंडनच्या आयोगाने स्वतंत्रपणे पडताळून पाहिला." असा कोणताही दुसरा आयोग नव्हता.

"अगं, एक नोंद उडव आणि झोप," खोलीतली अश्विनी पांघरुणातूनच म्हणाली. "परीक्षक यादी कुठे एवढी वाचतात?"

"यादीपुरतं असतं तर उडवली असती," कल्याणी म्हणाली.

शुक्रवारी सकाळी विभाग उघडायच्या आधीच ती साळुंखे सरांच्या दाराशी उभी होती. सरांनी दोन्ही नोंदी वाचल्या, मग स्कॅनमधले पान आणि तिचे अवतरण शेजारी ठेवून शब्द न् शब्द जुळवला.

"अठराशे अठ्ठ्याहत्तरची प्रत तू स्वतः पाहिलीस का?"

"नाही सर. एका पुस्तकाच्या तळटीपेतून घेतली. पृष्ठक्रमांकही तिथलाच."

"आणि मी ते प्रकरण दोनदा वाचून पुढे पाठवलं," सर म्हणाले. थोडा वेळ ते पान पाहत राहिले. "एकाच साक्षीदाराला दोन नावांनी उभं केलंय आपण. यादीतली ओळ खोडायला वेळ लागत नाही. ती ओळ कुठे कुठे पोचली आहे, ते आधी शोध."

ग्रंथालयात बसून तिने संपूर्ण प्रबंधात 'स्वतंत्र' हा शब्द शोधला. तो चौथ्या प्रकरणात होता, निष्कर्षात होता आणि अगदी सुरुवातीच्या सारांशातही होता. प्रत्येक ठिकाणी तो थोडा अधिक ठाम झाला होता. चौथ्या प्रकरणात 'स्वतंत्रपणे पडताळले' असे होते, निष्कर्षात 'दोन स्वतंत्र चौकशांचे एकमत', तर सारांशात 'सर्व अधिकृत चौकशांनी'. या एकमताचा भार साऱ्याच्या मुद्द्यावर पडला होता. सरकारची महसुलाची मागणी हे असंतोषाचे कारण नव्हते, दोष सावकारीचा होता, असे अहवाल सांगत होता. दोन चौकशा तसे म्हणतात या आधारावर तिने १८६० च्या दशकातील साऱ्याच्या फेरआकारणीला दुय्यम स्थान दिले होते.

आता तो आधार काढून घेतल्यावर तिने स्वतःच गोळा केलेली माहिती पुन्हा वाचली, आणि ती निराळीच दिसू लागली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला तेव्हा सावकारांनी हात सैल सोडला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि पत आखडली, नेमक्या त्याच काळात फेरआकारणीत सारा मोठ्या प्रमाणावर वाढला. हप्ता रोखीने भरायचा तर कर्जाशिवाय मार्ग नव्हता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाची खते ठरावीक वर्षांपुरतीच वैध ठेवली, ती कुणबी ऋणकोच्या रक्षणासाठी; पण सावकार मुदत संपताच थकलेले व्याज मुदलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. म्हणजे जी खते सुप्याच्या बाजारात जळाली, त्यांतील रकमांत साऱ्याचाही वाटा असणार. सावकारी आणि सारा यांना दोन वेगळ्या रकान्यांत टाकणे हे त्या चौकशीचे मत होते, आणि चौकशी नेमणारे सरकारच सारा घेणारे होते. हा मुद्दा तिने टिपणवहीत पहिल्याच वर्षी लिहून ठेवला होता. प्रबंधात मात्र तो आला नव्हता, कारण दोन चौकशांपुढे तो लहान वाटला होता.

शनिवारचा सारा दिवस त्या दीड पानावर गेला. निष्कर्ष तिने उलटा केला नाही, कारण तेवढा पुरावा तिच्याकडे नव्हता. साऱ्याला दुय्यम म्हणणारे वाक्य काढले, अहवालाचे मत हे अहवालाचे म्हणूनच दिले आणि ते कोणी, कोणाच्या नेमणुकीने नोंदवले ते शेजारीच सांगितले. यादीत एकच नोंद राहिली. मुंबईची प्रत तिने पाहिली होती, म्हणून तीच मुख्य, आणि लंडनच्या मुद्रणाचा उल्लेख तळटीपेत. मग दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचललेल्या बाकीच्या तळटीपाही तिने वेगळ्या काढल्या. मूळ साधन मिळाले ते उघडून पाहिले, न मिळाले तिथे कोणाच्या पुस्तकातून घेतले ते स्पष्ट लिहिले. या कामात रात्र गेली आणि तळटीपांचे क्रमांकही बदलले.

रविवारी सरांनी तिला घरी बोलावले. त्यांनी चहा बाजूला सारून नवी पाने वाचली आणि तळटीपेतल्या एका शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढली.

"'हाच अहवाल पुढे संसदेने मान्य केला' असं लिहिलंयस. कुठे वाचलंस?"

कल्याणीने आठवून पाहिले. "कुठेच नाही सर. संसदेपुढे ठेवला, एवढंच वाचलंय."

"मग तेवढंच लिही."

तिने तिथेच लॅपटॉप उघडून 'संसदेपुढे सादर झाला' असे केले आणि पान सरांपुढे धरले. सरांनी ते वाक्य, त्याच्या वरचे आणि खालचेही वाचले, आणि खिशातले पेन काढून प्रमाणपत्राच्या पानावर सही केली.

"अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक एकदा जुळवून घे," ते म्हणाले, "आणि मगच बाइंडिंगला टाक."