मोदकांचे वजा करून 4,140

मन्या, कामात असशील तर रात्री जेवण झाल्यावर निवांत वाच. मेसेज जरा लांबलाय. फोनच करणार होतो, पण फोनवर मी काय करतो तुला माहितीये. ट्रान्स-हार्बरची गर्दी, तुझ्या बॉसचा नवा प्रताप असं सगळं बोलून होतं आणि जे बोलायचं ते "चल ठेवतो"नंतर आठवतं. परवा तलावपाळीला तेच झालं. दोन वेळा तोंडापर्यंत आलं होतं, तेवढ्यात तू दुसरा चहा सांगितलास.

तर विषय जूनमधल्या पैशांचा आहे.

19 जूनला संध्याकाळी ठाणे-बेलापूर रोडवर, रबाळ्याच्या अलीकडे तुझी गाडी बसली होती. भर पावसात. चेन सेट आणि क्लच प्लेटा दोन्ही गेल्या होत्या, गॅरेजवाल्याने 6,500 सांगितले आणि तुझ्याकडे 2,000 होते. मी तिथल्या तिथे 4,500 टाकले. आत्ता अ‍ॅपमध्ये शोधलं तर एंट्री सापडली, 19 जून, 7 वाजून 42 मिनिटं, आणि खाली मी टाकलेली नोट : "गाडी विक आता". तू तेव्हा म्हणाला होतास, पगार झाला की पहिले तुझे. मीही म्हटलं होतं की घाई नाही, आणि तेव्हा खरंच नव्हती. त्यामुळे इतके दिवस मी गप्प बसलो यात तुझी एकट्याची चूक नाही. तुझ्या डोक्यातून गेलं असणार. शाळेच्या फिया, मग गणपती, कुणाच्याही डोक्यातून जाईल.

त्यात एक वजाबाकी आहे. गणपतीत आमच्याकडे माणसं वाढली तेव्हा येता येता तू उकडीचे 12 मोदक आणले होतेस. 30 रुपयांनी 360 झाले. मी देतो म्हटलं तर तू हात झटकलास. (बायको अजून म्हणते, पारी जाड होती. ते असो.) प्रसादाचे पैसे कसले धरायचे, असं तू म्हणशील, पण ते मी मागवले होते, तू प्रसाद म्हणून आणले नव्हतेस. म्हणून ते धरून हिशोब 4,140 चा. परवाचा चहा यात नाही, तो तुझा तुला लखलाभ.

आता मी का मागतोय ते सांगतो. आमच्या सोसायटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलंय. पावसाळाभर वरच्या मजल्यावरचे लोक बादल्या लावून बसले होते, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नाही. प्रत्येक फ्लॅटमागे 12,000 आहेत आणि 10 ऑक्टोबरच्या आत चेक द्यायचाय. शिवाय आईचे चष्मे बदलायचेत, जवळचा आणि लांबचा. एरवी मी हे जमवलं असतं, या महिन्यात ओढाताण होतेय.

म्हणून 5 ऑक्टोबरपर्यंत 4,140 पाठव. नेहमीच्याच नंबरवर, जीपे कर नाहीतर फोनपे. तोपर्यंत तुझा पगार झालेला असेल असं धरतोय. एकदम जमणार नसेल तर 5 ऑक्टोबरला 2,000 आणि 5 नोव्हेंबरला राहिलेले 2,140, असंही चालेल. पण पहिले 2,000 मात्र मला त्या तारखेला लागतीलच, कारण चेक त्यांच्या भरवशावर लिहिणार आहे. आणि तुझ्याकडे खरंच काही अडचण असेल, पगार लांबला असेल, घरी काही असेल, तर तसं स्पष्ट सांग. मी दुसरीकडून बघेन, पण ते मला दोन दिवसांत कळायला हवं. निळ्या टिका दिसून उत्तर आलं नाही तर मी पुन्हा विचारणार, हे आधीच सांगून ठेवतो.

हे मी ग्रुपवर बोललेलो नाही, बोलणारही नाही. वहिनींना माहीत आहे की नाही मला कल्पना नाही, त्यामुळे त्यांच्याकडेही विषय काढलेला नाही.

आणि हो, तुझा रेनकोट गणपतीपासून आमच्याकडेच पडलाय. पिशवीत तसाच ओला राहिला होता, वास मारत होता. आईने धुऊन गॅलरीत दोन दिवस वाळवला, आता घडी करून ठेवलाय. म्हणजे थकबाकी माझ्याकडेही आहेच. शनिवारी मी घणसोलीला मामाकडे चाललोय, साडेदहाच्या आसपास ऐरोलीला उतरून तिकीट खिडकीपाशी थांबतो, येऊन घेऊन जा. पैसे आलेले असोत वा नसोत, रेनकोट मिळेल.

शनिवारचं जमतंय का तेवढं आज कळव, पैशांचं उद्या कळवलंस तरी चालेल.

सुध्या