‘अक्षरशः’ या शब्दाचा अर्थ आणि बातमीची भाषा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या आपल्या अंकात पहिल्या पानावर कृष्णाकाठच्या पुराची बातमी होती. पलूस तालुक्यातील एका गावाचे नाव देऊन ‘हे गाव अक्षरशः पाण्याखाली गेले आहे’ असे तीत लिहिले होते. त्या गावात माझी थोरली बहीण राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढले होते आणि तिला होडीतून बाहेर काढावे लागले होते, त्यामुळे ते वाक्य वाचून आमच्या घरी काय झाले असेल याची आपल्याला कल्पना येईल. तिचा फोन लागत नव्हता. माझा मुलगा साताऱ्याहून गाडी काढून निघाला. दुपारी तिचाच फोन आला, तेव्हा कळले की पाणी नदीकडच्या खालच्या आळीत शिरले आहे, बाजारपेठेचा रस्ता बंद आहे आणि वीज गेली आहे. बाकीचे गाव कोरडे आहे. बातमी लिहिणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मला म्हणायचे नाही. पुराचे गांभीर्य वाचकाच्या मनावर ठसावे, एवढ्यासाठीच त्याने तो शब्द वापरला असणार. माझा आक्षेप नेमका त्या वापराला आहे.

‘अक्षरशः’ म्हणजे अक्षरागणिक, जसे लिहिले आहे तसेच. इंग्रजीतला ‘लिटरली’ हा शब्दही लॅटिनमधल्या अक्षर या अर्थाच्या शब्दापासूनच आला आहे आणि त्याचेही असेच झाले आहे. ‘लिटरली’चा अतिशयोक्तीसाठी वापर ही आजच्या तरुणांची चूक आहे असे पुष्कळांना वाटते, पण ऑक्सफर्डच्या कोशाने त्या वापराचा दाखला १७६९ सालच्या एका कादंबरीतून दिला आहे, आणि अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टरच्या कोशात तो अर्थ १९०९ पासून नोंदलेला आहे. आता तो शब्द मराठी बोलण्यातही आला आहे. ‘मी लिटरली मेले हसून’ हे वाक्य आपल्या युवा पुरवणीत मी वाचले आहे. तिथे माझी तक्रार नाही, कारण हसून मेलेली व्यक्ती लेख लिहीत नाही हे सर्वांना कळते.

छत्तीस वर्षे मी मराठी शिकवले. शब्दांचे अर्थ बदलतात हे मला मान्य आहे, किंबहुना तो माझ्या आवडीचा विषय आहे. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे कोणतेही रानटी जनावर. म्हणून सिंह मृगराज झाला आणि शिकारीला मृगया म्हणू लागले. पुढे त्या शब्दाचा अर्थ आकसून हरणापुरता उरला. ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण. हिंदीत आजही तोच अर्थ आहे, मराठीत मात्र तो शब्द दंडाकडे गेला. ‘राजीनामा’ म्हणजे मुळात राजीखुशीने लिहून दिलेला कागद. ब्रिटिश अमदानीत जमीन सोडणाऱ्या खातेदाराने राजीनामा लिहून द्यायचा आणि ती घेणाऱ्याने कबुलायत, अशी महसुलाची रीत होती. त्या कागदातली संमती मागे पडली, सोडणे तेवढे उरले, आणि आज आपण नोकरीचा राजीनामा देतो. सर्वांत विलक्षण उदाहरण ‘घृणा’ या शब्दाचे आहे. त्याचा एक जुना अर्थ दया असा होता. तो लोपून आता केवळ किळस उरली आहे. पण ‘निर्घृण हत्या’ असे आपण रोज छापतो, त्यात ती जुनी दया अजून शिल्लक आहे.

जोर देणारे शब्द तर फार लवकर झिजतात. ‘प्रचंड’ म्हणजे उग्र, ‘भयंकर’ म्हणजे भय उत्पन्न करणारे; आता साडीही भयंकर आवडते. यातही जे शब्द सत्याची ग्वाही देण्यासाठी असतात, त्यांनाच अतिशयोक्तीच्या कामाला अधिक जुंपले जाते, कारण ऐकणाऱ्याचा विश्वास त्यांच्याजवळ आधीच जमा असतो. इंग्रजीतल्या ‘व्हेरी’चा मूळ अर्थ ‘खरा’ असाच आहे. आपल्याकडे ‘साक्षात’ म्हणजे डोळ्यांदेखत, तरीही ‘साक्षात लक्ष्मी’ म्हणताना कोणी लक्ष्मी पाहिलेली नसते. ‘अक्षरशः’ त्याच वाटेने निघाला आहे.

मग आक्षेप कशाला, असे आपण विचाराल. साहित्यशास्त्रातले ‘गंगेवर गवळीवाडा’ हे उदाहरण शाळा-महाविद्यालयांत अनेकांनी शिकले असेल. प्रवाहावर वाडा वसू शकत नाही, म्हणजे शब्दाच्या मुख्य अर्थाला बाध येतो, म्हणून ऐकणारा आपोआप लक्षणेकडे वळतो आणि ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ घेतो. ‘त्याच्यावर आभाळ कोसळले’ हे वाक्य याच कारणाने कोणाला फसवत नाही. पण ‘गाव पाण्याखाली गेले’ या वाक्यात मुख्य अर्थाला बाध येत नाही. गाव खरोखरच पाण्याखाली जाऊ शकते. कृष्णाकाठाने ते पाहिले आहे. अशा वाक्याला ‘अक्षरशः’ जोडणे म्हणजे वाचकाला ‘लक्षणेकडे जाऊ नकोस, लिहिले आहे तेवढेच खरे मान’ असे बजावणे. वाचक ती आज्ञा पाळतो आणि त्याची दिशाभूल होते. मूळचा आणि नवा असे दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू असताना, आणि मजकूर दोन्हींना सामावून घेणारा असताना, कोणता अर्थ घ्यायचा हे ठरवायला वाचकाकडे काहीच साधन नसते.

दुसरी गोष्ट अशी की ‘राजीनामा’ सरकला तेव्हा त्याची जागा घ्यायला ‘संमतिपत्र’ होते. ‘अक्षरशः’ गेला तर त्याच्या जागी काय आहे? ‘शब्दशः’ भाषांतराला आणि उताऱ्याला चालतो, घटनेला चालत नाही. एखाद्या प्रसूतिगृहात दोन बाळंतिणींना खरोखरच एका खाटेवर झोपवले असेल, तर ही अतिशयोक्ती नव्हे हे सांगायला बातमीदाराला तो शब्द हवा आहे. आज तो लिहिला तर वाचक म्हणेल, नेहमीचेच आहे.

माझी विनंती मर्यादित आहे. लेखांत, पुरवण्यांत, लोकांच्या अवतरणांत हा शब्द बोलतात तसा येऊ द्यावा. बातमीच्या निवेदनात मात्र ज्या विधानाचा वाच्यार्थ शक्य आहे पण खरा नाही, तिथे तो गाळावा आणि त्याजागी किती घरांत, किती फूट पाणी शिरले ते द्यावे. ‘खालच्या आळीतील घरांत पाणी, बाजारपेठेचा रस्ता बंद, वीज खंडित’ एवढे त्या मंगळवारी छापले असते, तर आम्हाला परिस्थितीही समजली असती आणि तिचे गांभीर्यही.

२०१९ च्या पाण्याची रेघ माझ्या बहिणीने स्वयंपाकघराच्या भिंतीवर मुद्दाम राखून ठेवली आहे. ती माझ्या डोक्याच्याही वर आहे. त्या वर्षी ते गाव अक्षरशः पाण्याखाली गेले होते.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
सुनंदा जोगळेकर
निवृत्त मराठी शिक्षिका, सातारा