विषय: स्टिअरिंगची तक्रार नव्या गाड्यांत दूर झाली आहे का?

नमस्कार,

तुमची ऑटोमॅटिक हॅचबॅक बुक करायच्या बेतात आहे. पण याच मॉडेलच्या काही मालकांकडून एकच तक्रार ऐकली: वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही, हायवेवर मध्यभागी किंचित अडकल्यासारखं वाटतं. अलाइनमेंट करूनही फरक नाही. शोरूमवाले म्हणतात, "नव्या लॉटमध्ये काही प्रॉब्लेम नाही." अशा तोंडी भरवशावर गाडी कशी घ्यायची?

स्टिअरिंग कॉलममध्ये किंवा पॉवर स्टिअरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल केला असेल, तर तो कोणत्या महिन्यात बनलेल्या गाड्यांपासून, हे कृपया लेखी कळवा. चासी नंबरवरून ते ओळखता येईल का? आमचं येणंजाणं खंबाटकी घाटातून असतं, म्हणून एवढी चौकशी.

आपली,
अनघा, सातारा