विषय: मुलीच्या यूके स्टुडंट व्हिसासाठी बॅलन्स सर्टिफिकेट हवंय (सॉल्व्हन्सी नको)

नमस्कार मॅडम,

मी राजेंद्र पाटील, तुमच्या शाखेत माझं आणि मिसेसचं जॉइंट सेव्हिंग खातं आहे, शेवटचे चार आकडे ४७१२, आणि त्याच कस्टमर आयडीवर एक एफडी आहे, शेवटचे चार आकडे ०९३६. मुलगी सायली सप्टेंबरला एमएससीसाठी यूकेला चाललीये, फी पूर्ण भरून झालीये, कॉलेजचं प्रवेश पक्का झाल्याचं कॅस पण आलंय, आता राहण्याच्या खर्चाचा पुरावा तेवढा जोडायचा बाकी आहे. त्यासाठी शाखेचं बॅलन्स सर्टिफिकेट लागणार आहे. सोमवारी काउंटरला येऊन गेलो होतो तेव्हा मला सॉल्व्हन्सीचा फॉर्म दिला आणि घराच्या व्हॅल्युएशनचे पेपर घेऊन या म्हणाले, म्हणून म्हटलं नीट लिहूनच पाठवावं.

सॉल्व्हन्सी इथे उपयोगाचं नाही. त्यात अमुक लाखापर्यंत हा माणूस सक्षम समजायला हरकत नाही, बँकेवर कसलीही जबाबदारी नाही असं लिहितात, आणि घर जमीन सगळं धरून तो आकडा काढतात. टेंडर भरणाऱ्याला ते ठीक आहे, पण यूकेवाल्यांना माझं घर किती लाखाचं आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, त्यांना हातात येऊ शकणारा पैसा दिसला पाहिजे आणि तोही सलग २८ दिवस. मधे एक दिवस जरी लागणाऱ्या रकमेच्या खाली गेला तरी अर्ज नाकारू शकतात, म्हणून नुसतं "३१ जुलैला एवढे शिल्लक आहेत" असं एका ओळीचं पत्र मला पुरणार नाही.

माझं म्हणणं असं की पत्रात १ जुलै ते ३१ जुलै २०२६ हा काळ स्पष्ट लिहा आणि या काळात खात्यातली शिल्लक कधीच ९,०८,००० रुपयांच्या खाली गेली नाही असं एक वाक्य टाका. मी पासबुक भरून बघितलंय, सगळ्यात कमी १४ तारखेला होती, लाइट बिल गेलं त्या दिवशी, ९,०८,३४० रुपये, तुम्ही सिस्टिमवर एकदा चेक करा. खाली ३१ तारखेची क्लोजिंग शिल्लक वेगळी लिहा. आज २९ आहे म्हणजे महिना अजून संपलेला नाही हे मला माहितीये, पत्र १ ऑगस्टच्या तारखेचंच द्या, शनिवार असला तरी पहिला शनिवार आहे, शाखा चालू असते. तयारी आधी झाली तर बरं म्हणून आत्ता लिहितोय. ज्या दिवशी ती ऑनलाइन फी भरेल तीच अर्जाची तारीख धरतात आणि शिल्लक दाखवलेली शेवटची तारीख त्याच्या आधीच्या ३१ दिवसांतली लागते. आमचं १० ऑगस्टच्या आसपास भरायचं ठरलंय त्यामुळे त्यात अडचण नाही, पण पत्र ऑगस्टअखेरीला गेलं तर सगळा काळ नव्याने मोजायची वेळ येईल.

आता एफडीचं. ६,५०,००० ची आहे, १८ नोव्हेंबर २०२६ ला मॅच्युअर होते, म्हणजे अर्जानंतर. अशी एफडी चालते पण पैसे मुदतीआधी काढता येतात हे दिसलं पाहिजे, म्हणून "खातेदार केव्हाही मुदतपूर्व मोडू शकतो आणि यावर कोणताही बोजा नाही" एवढं त्याच पत्रात घ्या. व्याज धरू नका, फक्त मुद्दल. एक महत्त्वाचं, या एफडीवर मी मागे ओव्हरड्राफ्ट घेतला होता, तो मे महिन्यातच पूर्ण भरून बंद केलाय, क्लोजरची पावती आहे माझ्याकडे, तरी नेटबँकिंगला अजून लिएन दिसतोय! तो काढल्याशिवाय बोजा नाही असं तुम्हालाही लिहिता येणार नाही, तेव्हा आधी ते काम करून घ्या प्लीज. पावतीचा फोटो सोबत जोडलाय.

आमच्या हिशोबाने चौदा लाखांच्या आसपास लागतात, खातं आणि एफडी मिळून साडेपंधराच्या वर होतात. पौंडात किती होतात ते पत्रात लिहू नका, तिकडचे लोक अर्जाच्या तारखेचा ओआंडा वेबसाइटचा भाव स्वतः लावतात, तुमच्या भावाने वेगळा आकडा आला की उगाच दोन रकमा दिसतील आणि शंका काढतील.

नावाचं पण बघा. खात्यावर "राजेंद्र व्ही. पाटील" आहे आणि माझ्या पासपोर्टवर, सायलीच्या जन्मदाखल्यावर "राजेंद्र विठ्ठल पाटील" आहे. आई किंवा वडिलांचे पैसे असतील तर नातं दाखवायला जन्मदाखला लागतो आणि आमचं संमतीपत्र, ते आम्ही देतोय, पण बँकेच्या पत्रात पूर्ण नाव आलं तर दोन्हीकडची नावं जुळतील. केवायसीला पासपोर्ट दिलेलाच आहे, लागला तर परत झेरॉक्स आणतो. मिसेसचं नाव दुसरी खातेदार म्हणून येऊ द्या. (माझ्या भावानं स्वतःच्या खात्यातून दाखवू का विचारलं होतं, पण काकाचे पैसे या व्हिसाला चालत नाहीत, म्हणून त्यानं दिलेले जूनमध्येच आमच्या खात्यात घेतलेत. ते स्टेटमेंटला दिसतील, काळजीचं काही नाही.)

पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत लागेल. मराठीत असलं तर भाषांतर करून सर्टिफाय करून जोडावं लागतं, तो व्याप नको. खाते क्रमांक दोन्ही पूर्ण, सही, शिक्का, सही करणाऱ्या साहेबांचं नाव, हुद्दा, एम्प्लॉयी नंबर, आणि शाखेचा लँडलाइन नंबर व बँकेचा ऑफिशियल ईमेल, जीमेल नको. ते कधी कधी खरंखोटं करायला बँकेला विचारतात, तेव्हा ज्यांच्याकडे मेल येईल त्यांना एक शब्द सांगून ठेवलात तर बरं होईल, उत्तर गेलं नाही तर आमचं पत्र खरं असून खोटं ठरायचं. सोबत जुलैचं स्टेटमेंट प्रत्येक पानावर शिक्का मारून द्या. दोन ओरिजिनल प्रती लागतील.

चार्जेस आणि जीएसटी जे काय असेल ते ४७१२ मधून कापू नका, ३१ तारखेपर्यंत तिथून काहीच जायला नको. माझ्या पेन्शनच्या खात्यातून घ्या, शेवट ८८२०, तसा डेबिटचा अर्ज सही करून आज शिपायाकडे देऊन ठेवलाय.

पत्राचा ड्राफ्ट आधी मला मेलवर दाखवलात तर मी आकडे आणि नाव तपासून लगेच ओके कळवतो, म्हणजे शिक्का मारल्यावर परत बदलायची वेळ येणार नाही. सोमवारी ३ तारखेला अकराच्या सुमारास मी स्वतः घ्यायला येतो, सही करणारे साहेब त्या दिवशी रजेवर असतील तर आधी कळवा, मंगळवारी येईन.

आपला,
राजेंद्र विठ्ठल पाटील